सिम ठीक, टॉवर समोर, तरी ‘No service’

फोनवर ‘No service’ उमटलं की घरात पहिला सल्ला ठरलेला असतो, सिम काढून परत घाल. दुसरा, फोन बंद करून चालू कर. आणि तेवढ्याने भागलं नाही तर तिसरा, कंपनीच्या दुकानात जाऊन सिम बदलून आण. पहिल्या दोन सल्ल्यांनी बरेचदा काम होतं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तिसरा मात्र घाईचा आहे. तेच सिम वडिलांच्या जुन्या फोनमध्ये घातलं की पाचही दांड्या दिसतात आणि आपल्या फोनमध्ये परत घातलं की पुन्हा शुकशुकाट, असं असेल तर नवं कार्ड आणून काय साधणार? उलट सिम बदललं की चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी केलेली ही सोय आहे, पण त्या दिवशी बँकेचा ओटीपी हवा असेल तर आपलीच पंचाईत होते.

म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी फोन नेमका कुठे अडलाय ते पाहावं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. फोन स्वतःच बरंच सांगत असतो, आपण ते सगळं ‘रेंज गेली’ या एका खात्यात टाकतो एवढंच.

पडद्यावर तीन वेगवेगळे संदेश येऊ शकतात. ‘No SIM’ किंवा ‘Insert SIM’ म्हणजे फोनला कार्ड वाचताच आलेलं नाही. ‘Emergency calls only’ म्हणजे फोनला कुठल्या ना कुठल्या कंपनीचा टॉवर ऐकू येतोय, पण त्याने फोनला आपलं म्हटलेलं नाही. अशा वेळी ११२ लागतो, बाकी काही नाही. आयफोनवर याच अवस्थेत नुसतं ‘SOS’ दिसतं. आणि ‘No service’ म्हणजे फोन ज्या पद्धतीने आणि ज्या पट्ट्यांवर शोधतोय, तिथे त्याला वापरण्याजोगं काहीच सापडलेलं नाही. सगळे फोन हे शब्द इतके काटेकोर वापरतात असं नाही. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनांमध्ये दुसरी आणि तिसरी अवस्था हमखास एकमेकींत मिसळते. तरी पहिली अवस्था बाकीच्या दोघींपासून वेगळी काढली, तरी निम्मं काम होतं.

सेवा सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी एकामागून एक घडतात. फोन कार्डाला वीज देतो आणि त्यातली ओळख वाचतो. मग हवेतल्या लहरी चाळून टॉवर शोधतो. शेवटी त्या टॉवरमार्फत कंपनीकडे ‘मी अमुक ग्राहक, मला घ्या’ अशी नोंदणी मागतो. कंपनी एक कोडं पाठवते आणि कार्डात दडवलेली गुप्त किल्ली वापरून कार्ड त्याचं उत्तर देतं. ते जुळलं की दांड्यांशेजारी कंपनीचं नाव झळकतं. कार्ड धडधाकट असूनही यातल्या कुठल्याही पायरीवर गाडं अडू शकतं.

पहिली पायरी पार झाली का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘About phone’ उघडा आणि त्यात ‘SIM status’ शोधा. आयफोनवर ‘General’मधलं ‘About’ उघडून खाली सरका. तिथे ‘ICCID’ या नावापुढे एकोणीस-वीस आकडे दिसतील. हा कार्डाचा स्वतःचा क्रमांक, बहुतेक कार्डांवर छापलेलाही असतो. भारतीय कार्डाचा क्रमांक 8991 ने सुरू होतो, कारण 89 हा जगभरच्या दूरसंचार कार्डांचा आकडा आणि 91 आपल्या देशाचा. हा क्रमांक दिसत असेल तर फोनने कार्ड वाचलेलं आहे आणि ट्रे घासत बसण्यात फारसा अर्थ नाही. ती जागा रिकामी असेल किंवा दिसून मध्येच गायब होत असेल, तर संशय सरळ संपर्कांवर जातो.

त्याच पानावर किंवा *#06# डायल करून फोनचा आयएमईआय क्रमांकही पाहून घ्या. पंधरा आकडे नीट दिसायला हवेत. ती जागा कोरी असेल, नुसती शून्यं असतील, किंवा आयफोनवर ‘Modem Firmware’ची ओळ रिकामी असेल, तर फोनचा रेडिओच जागा झालेला नाही आणि पुढचं काही करून उपयोग नाही. याचं गाजलेलं उदाहरण आयफोन ७चं. सप्टेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१८ या काळात बनलेल्या काही फोनांच्या मुख्य बोर्डवरचा एक भाग निकामी होत होता आणि परिसरात नेटवर्क असूनही वर ‘No Service’ दिसायचं. अॅपलने २०१८मध्ये अमेरिका, चीन, जपान अशा मोजक्या देशांत विकलेल्या मॉडेलांसाठी फुकट दुरुस्ती जाहीर केली. त्या फोनांमध्ये किती जणांनी किती वेळा सिम काढून घातलं असेल, देव जाणे.

आता ट्रेकडे येऊ. ट्रेला लोक फार दोष देतात, पण ट्रे हा नुसता पाट. वीज आणि माहिती वाहून नेणारे खरे संपर्क फोनच्या आत असतात. सोनेरी मुलामा दिलेल्या बारीक स्प्रिंगा ट्रे आत गेला की कार्डाच्या सोनेरी चौकटींवर टेकतात. कार्डावर सहा किंवा आठ चौकटी दिसतात, पण कामाला पाचच पुरतात: वीज, परतीची तार, घड्याळाचा ठोका, नव्याने सुरू होण्याची खूण आणि माहितीची ये-जा. यातली एक जरी नीट टेकली नाही तरी कार्ड मुकं होतं.

आता आकडे पाहा. नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब, ८.८ रुंद आणि अवघं ०.६७ मिलिमीटर जाड. त्याआधीची मायक्रो आणि साधी सिम ०.७६ मिलिमीटर जाड असत. २०१२मध्ये नॅनो आलं तेव्हा अनेकांनी जुनंच सिम दुकानातल्या कटरने कापून घेतलं आणि ते कापलेलं सिम नंबर जपण्याच्या हौसेपायी वर्षानुवर्षं फोन बदलत फिरत राहिलं. लांबी-रुंदी जुळली, पण जाडी ०.०९ मिलिमीटरने जास्तच राहिली. कागदावर हा फरक हास्यास्पद वाटतो. पण ज्या स्प्रिंगांना दबायला जागाच मुळात थोडी, त्यांच्यावर तो रोजचा जादा दाब असतो. जाड कार्ड आत असेपर्यंत सगळं झकास चालतं. मग एक दिवस कंपनीचं नवं, खरंखुरं नॅनो कार्ड घातलं जातं आणि दबून दबून मऊ पडलेल्या स्प्रिंगा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. ग्राहक म्हणतो नवं सिम खराब, कंपनी म्हणते फोन खराब, आणि दोघांच्या मध्ये एक कापलेलं कार्ड कुणाच्या लक्षात येत नाही.

संपर्काचा दोष ओळखायच्या काही खुणा आहेत. सेवा पूर्ण जात नाही, ये-जा करते. गाडीच्या होल्डरमध्ये खड्ड्याच्या दणक्याला जाते. फोन तापला की जाते. ट्रेच्या बाजूची कडा बोटाने दाबली की क्षणात परत येते. आणि ‘No service’च्या आधी सेकंदभर ‘No SIM’ चमकून जातं. ही शेवटची खूण पक्की. शक्य असेल तर कार्ड दुसऱ्या खाचेत टाकून पाहा. पहिल्या खाचेत अडणारं कार्ड दुसऱ्या खाचेत सुरळीत चाललं तर खाच दोषी. मग त्याच खाचेत दुसऱ्या कंपनीचं चालू कार्ड टाका. तेही अडलं की शंकेला जागा उरत नाही. शेजारच्या फोनमधल्या चाचणीतून फक्त कार्ड आणि खातं जिवंत आहे एवढंच कळतं, आपल्या फोनबद्दल त्यातून काही कळत नाही. लोक नेमके इथेच थांबतात.

साफसफाई करायची तर फोन आधी बंद करा. पिन टोचण्यापूर्वी भोक बघून घ्या. ट्रे उघडायचं भोक ट्रेच्याच पट्टीवर किंवा तिला अगदी लागून असतं. जवळपास एकटंच दिसणारं दुसरं भोक मायक्रोफोनचं असू शकतं आणि त्यात पिन घुसवून फोन मुका केलेले लोक दुरुस्तीच्या दुकानात येतच असतात. कार्डाच्या सोनेरी बाजूवर आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सोडणारं कापड हलक्या हाताने फिरवा आणि पाचेक मिनिटं वाळू द्या. खोडरबराची युक्ती सर्रास चालते, पण त्याचा चुरा मागे राहतो आणि सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दर महिन्याला घासणं त्याला झेपत नाही. हातावर चोळायचं जेल सॅनिटायझर तर नकोच, त्यातला चिकटपणा कार्डावर बसतो. खाचेत सुई, टाचणी, कापसाची काडी काही घालू नका. धूळ काढायची तर कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा वापरा. तोंडाने फुंकलं की थुंकीचे कण आत जातात.

कोकणातल्या वाचकांसाठी एक जादा सूचना. सोनं गंजत नाही हे खरं, पण पातळ मुलाम्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि खारी दमट हवा त्यांतून खालच्या धातूपर्यंत पोचते. चौकटीच्या कडेला हिरवट किंवा काळपट ठिपके दिसले तर ते पुसून जातील अशी आशा करू नका. तिथे खरंच कार्ड बदलावं. फोनच्या आतल्या स्प्रिंगांवर तसे डाग असतील तर दुरुस्तीवाल्याला सिमचा सॉकेट बदलावा लागतो.

आणखी एक उद्योग थांबवायला हवा. कार्ड सैल बसतंय म्हणून त्याच्या पाठीला चिकटपट्टीचा किंवा कागदाचा तुकडा लावतात. दोन दिवस चालतं. मग तो तुकडा आत सुटतो किंवा ट्रे ओढताना कार्डाची कडा उचलली जाते आणि एखादी स्प्रिंग वाकवून बाहेर येते. कार्ड नसलेला रिकामा अॅडॉप्टर खाचेत घालून ओढला तरी हेच होतं. वाकलेली स्प्रिंग सरळ करायला भिंग, चिमटा आणि स्थिर हात लागतो. घरी बसून करायचं काम ते नव्हे. हरवलेल्या ट्रेच्या जागी ‘बसतो’ म्हणून दुसऱ्या मॉडेलचा ट्रे घेतला, तर तोही केसभर इकडे-तिकडे असतो आणि चौकटी स्प्रिंगांच्या समोर येत नाहीत.

कार्ड वाचलं जातंय, ICCID ठळक दिसतोय, तरी सेवा नाही. इथून पुढचा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे नेटवर्क मोड. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर ‘Preferred network type’ किंवा ‘Network mode’ असं लिहिलेलं असतं. फोनने कुठल्या पिढीचं नेटवर्क शोधावं, हे त्यातून ठरतं. रेडिओचा काटा एकाच स्टेशनवर बांधून ठेवला तर बाकी स्टेशनं चालू असूनही ऐकू येणार नाहीत, तसं हे आहे.

आपल्याकडे हे जास्त नडतं, कारण कंपन्यांची नेटवर्कं एकसारखी नाहीत. सप्टेंबर २०१६मध्ये सुरू झालेल्या जिओकडे टूजी आणि थ्रीजी कधी नव्हतंच. तिथे बोलणंसुद्धा फोरजीवरून जातं. त्यामुळे बॅटरी वाचवायला कुणी फोन टूजीवर टाकला तर दुसऱ्या कंपनीचं सिम चालत राहतं आणि जिओचं तिथल्या तिथे मरतं. एअरटेलने आपलं थ्रीजी काही वर्षांपूर्वी बंद केलं, टूजी ठेवलं. म्हणजे ‘3G only’वर अडकलेल्या फोनला ती कंपनीही सापडणार नाही. याची उलटी बाजूही आहे. नव्या अँड्रॉइड फोनांत ‘Allow 2G’ असं बटण असतं आणि बनावट टॉवरपासून वाचण्यासाठी ते बंद ठेवा असा सल्ला बरेच जाणकार देतात. शहरात तो योग्यच. पण घाटातल्या ज्या गावात त्या कंपनीचा टूजीच काय तो पोचतो, तिथे ते बटण बंद असलेला फोन ‘No service’ दाखवतो आणि शेजारी साधा बटणांचा फोन खुशाल वाजत असतो.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. कोल्हापुरात शिकणारा एक मुलगा दिवाळीला शाहूवाडीकडच्या आपल्या गावी गेला आणि एसटी डोंगराळ भागात शिरताच त्याच्या फाइव्हजी फोनची सेवा गेली. गावात टॉवर आहे. वडिलांच्या फोरजी फोनवर त्याच कंपनीचं कार्ड व्यवस्थित चालत होतं. मुलाचं कार्ड वडिलांच्या फोनमध्ये घातलं, चाललं. वडिलांचं मुलाच्या फोनमध्ये घातलं, नाही चाललं. तालुक्याच्या बाजारात एकाने ट्रे पुसून दिला. काही झालं नाही. मग कंपनीच्या दुकानातून सिम बदलून घेतलं. तरी काही नाही, वर चोवीस तास एसएमएस बंद. बोर्ड गेलाय, हजारोंचा खर्च आहे, इथपर्यंत बोलणी आली.

तोवरच्या माहितीत उत्तर होतंच. दोन वेगळी कार्डं एकाच फोनमध्ये अडतात, म्हणजे कार्ड सुटलं. ICCID स्वच्छ दिसतोय आणि दाबून, हलवून काही फरक पडत नाही, म्हणजे ट्रे आणि स्प्रिंगा सुटल्या. कोल्हापुरात सकाळपर्यंत फोन चालू होता आणि त्याला मार बसलेला नाही, म्हणजे बोर्डाचा संशय पातळ झाला. उरला मोड. सेटिंग्जच्या नेहमीच्या पानावर सगळं ठीक दिसत होतं, तिथे ‘5G’ निवडलेलं होतं आणि त्यात फोरजी वगैरे आपोआप येतं. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांत डायलरवर पुढचा कोड टाकला की चाचणीचं एक दडलेलं पान उघडतं:

```
*#*#4636#*#*
```

त्यातल्या ‘Phone information’मध्ये जी निवड होती ती ‘NR only’. एनआर म्हणजे फाइव्हजीचा रेडिओ. महिन्याभरापूर्वी ‘फाइव्हजीचा स्पीड दुप्पट करा’ अशा एका रीलवरून मुलाने ती निवडली होती आणि विसरून गेला होता. कोल्हापुरात जागोजागी फाइव्हजी असल्यामुळे फोन धावत राहिला. गावच्या टॉवरवर फक्त फोरजी, आणि फोनला तिकडे बघायचीच मनाई. निवड बदलून ‘NR/LTE’ केली, मिनिटभरात चार दांड्या आल्या.

त्याची कंपनी वेगळी असती तर हा दोष कोल्हापुरातच उघडा पडला असता. १ ऑक्टोबर २०२२ला देशात फाइव्हजी सुरू झालं तेव्हा जिओने ते स्वतंत्र पायावर उभारलं, तर एअरटेलने सुरुवात फोरजीच्या खांद्यावर केली. या दुसऱ्या प्रकारात फोन आधी फोरजीवर नोंदणी करतो आणि मग वेगासाठी फाइव्हजी जोडून घेतो. तिथे ‘NR only’ केलं की पायच काढून घेतल्यासारखं होतं आणि फाइव्हजीच्या टॉवरखाली उभं राहूनही सेवा मिळत नाही. रीलवाल्यांना हे सांगायला सवड नसते.

त्याच पानावर पाहण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, ‘Mobile radio power’ असं बटण. चुकून हात लागून ते बंद झालं तर विमान मोड बंद दिसत असूनही रेडिओ झोपलेला राहतो. दुसरी, सिग्नलचा आकडा. फोरजीला उणे ८०-९० डीबीएम म्हणजे छान, उणे ११०च्या पुढे ओढाताण आणि उणे १२०च्या आसपास टिकाव कठीण. दांड्या प्रत्येक फोन आपापल्या मर्जीने काढतो, हा आकडा त्या मानाने प्रामाणिक. घरातले दोन फोन एकाच जागी ठेवून, एकाच कंपनीचं कार्ड वापरून आकडा पाहिला आणि एक उणे ९० तर दुसरा उणे ११५ दाखवत असेल, तर दुसऱ्याचा अँटेना किंवा त्याची तार सुटली असण्याची शक्यता मोठी. विशेषतः पडदा किंवा बॅटरी नुकतीच बदलली असेल तर. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत हे पान बंद ठेवलेलं असतं किंवा त्यातल्या निवडी काढून टाकलेल्या असतात. तसं असेल तर सेटिंग्जमधली नेहमीची जागा आहेच. आयफोनवर ही निवड सिमच्या पानावरच्या ‘Voice & Data’मध्ये असते.

परदेशातून आणलेल्या फोनांचं दुखणं याच्या जवळचं. जिओचं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालतं. बाहेरच्या बाजारासाठी बनलेल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये यातला एखादा पट्टा नसला तर तो शहरात चालतो आणि गावाबाहेर बसतो, किंवा रस्त्यावर चालतो आणि घरात नाही. त्यावर सेटिंग्जमध्ये इलाज नाही. परदेशी कंपनीच्या करारावर घेतलेला फोन तिथल्याच सिमला कुलूपबंद असेल, तर मात्र तो बहुधा ‘SIM not supported’ असं स्पष्ट सांगतो.

तिसरी पायरी नोंदणीची, आणि इथे कंपनीच्या सेटिंग्ज येतात. यातली सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नेटवर्कची हाताने केलेली निवड. दुबईला गेलेले काका तिथे रोमिंग जुळेना म्हणून ‘Automatically select network’ बंद करतात आणि यादीतून तिथलं नेटवर्क निवडतात. परत येऊन मुंबई विमानतळावर फोन चालू करतात, तर फोन इमानेइतबारे दुबईचंच नेटवर्क शोधत बसतो. नंबर पोर्ट केल्यावरही असंच होतं. नवं कार्ड नव्या कंपनीचं, निवड मात्र जुनीच राहिलेली.

ही यादी चाचणी म्हणूनही कामाची आहे. आपोआप निवड तात्पुरती बंद करून शोध घ्यायला लावा. मिनिट-दोन मिनिटं लागतात. शहरात उभं राहून तीन-चार कंपन्यांची नावं आली तर रेडिओ आणि अँटेना शाबूत आहेत, आणि आपली कंपनी नोंदणी नाकारतेय. यादी कोरी आली तर दोष फोनच्या रेडिओचा किंवा मोडचा. आपली एकटी कंपनी गायब असेल तर मोड पुन्हा बघा, कारण टूजीवर टाकलेल्या फोनच्या यादीत जिओ दिसणारच नाही. काम झालं की आपोआप निवड परत चालू करायला विसरू नका, नाहीतर काकांच्या रांगेत आपणही.

दुसरी गोष्ट एपीएन. हा इंटरनेटच्या दाराचा पत्ता: जिओसाठी jionet, एअरटेलसाठी airtelgprs.com, बीएसएनएलसाठी bsnlnet. पूर्वी तो चुकला तर फक्त इंटरनेट बंद पडायचं, बोलणं चालू राहायचं, कारण टूजीमध्ये दोन्हींची नोंदणी वेगळी होती. फोरजीत मात्र नोंदणी होतानाच माहितीची एक जोडणी उभी राहते, म्हणून हाताने भरलेला चुकीचा एपीएन कधी कधी नोंदणीच अडवतो. जुन्या कंपनीसाठी कधीकाळी कुणीतरी भरून दिलेला पत्ता तसाच राहिला असेल तर एपीएनच्या पानावर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘Reset to default’ असतं, ते दाबून फोन बंद-चालू करा.

कंपनी फोनसाठी एक लहान फाइलही पाठवते. फोरजीवर बोलणं चालेल का, फाइव्हजी द्यायचं का, कुठलं नेटवर्क घरचं मानायचं, असं सगळं त्यात असतं. आयफोन वायफायला जोडून ‘About’चं पान थोडा वेळ उघडं ठेवलं की नवी फाइल असल्यास ‘Carrier Settings Update’ असं विचारलं जातं. अँड्रॉइडमध्ये हा भाग बहुधा फोनच्या नेहमीच्या अपडेटमधून येतो. अपडेट वर्षभर पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. यातलं काहीच लागू पडत नसेल तर नेटवर्क सेटिंग्ज मूळपदावर आणण्याची सोय दोन्हीकडे आहे. त्यात फोटो, संपर्क, संदेश जात नाहीत. वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या मात्र बऱ्याच फोनांत जातात, तेवढे आधी लिहून ठेवा. सगळा फोन पुसून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला थोडं थांबवा.

जुना फोन विकत घेतला असेल आणि कुठल्याच कंपनीचं कार्ड चालत नसेल, यादीत मात्र सगळ्यांची नावं दिसत असतील, तर आयएमईआय अडवलेला असू शकतो. हरवलेले आणि चोरीचे फोन अडवण्याची सीईआयआर ही सरकारी यंत्रणा सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईतून सुरू झाली आणि २०२३मध्ये देशभर लागू झाली. KYM लिहून एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय 14422 या क्रमांकावर एसएमएस केला की फोनची स्थिती कळते. हा एसएमएस दुसऱ्या फोनवरून करावा लागेल हे उघडच आहे, आणि खरं तर तो फोन विकत घेण्यापूर्वी करायचा.

एका प्रसंगात मात्र यातलं काहीही तपासत बसू नये. फोन नीट चालू होता, कुठे पडला नाही, कुणी सेटिंगला हात लावला नाही, रिचार्ज शिल्लक आहे, आणि सेवा अचानक गेली. तेच कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर तिथेही नाही, आणि त्याच कंपनीची घरातली बाकी कार्डं चालू आहेत. म्हणजे कंपनीने या कार्डाशी संबंध तोडलाय. रिचार्जची किंवा पडताळणीची काही अडचण असू शकते, पण आपल्या नावावर दुसऱ्याच कुणी नवं सिम काढून घेतलेलं असणंही शक्य आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की सिम बदलण्याची विनंती आली होती का. उत्तर ‘हो’ असेल तर तो नंबर लगेच बंद करायला सांगा, बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा आणि १९३०वर तक्रार नोंदवा. सिम बदलल्यानंतर एसएमएसवर जी चोवीस तासांची बंदी असते, तेवढाच वेळ अशा वेळी आपल्या हाताशी असतो.